अण्णांच्या डोक्यातलं दुकान

आपल्या पेठेत एखादं जुनं दुकान बंद झालं की चर्चा ठरलेली असते. ऑनलाइनवाल्यांनी खाल्लं, बायपासवरच्या मोठ्या शोरूमनं खाल्लं. कपड्यांच्या, मोबाईलच्या दुकानांबाबत ते खरंही असेल. पण हार्डवेअरचं दुकान असं सहजी मरत नाही. प्लंबरला पाऊण इंची एल्बो आत्ता पाहिजे असतो, परवा येऊन उपयोग नसतो, कारण तिकडे पाणी गळत असतं. मिस्त्रीला दोन किलो बाइंडिंग वायर आणि चार घमेली सकाळी साडेआठलाच लागतात. हा धंदा अजून तरी जवळच्या दुकानाचाच आहे.

तरीही गेल्या काही वर्षांत आपल्याकडची तीन हार्डवेअरची दुकानं माझ्या डोळ्यांदेखत बसली. तिन्हींकडे गिऱ्हाईक होतं. तिन्हींत झालं एकच. मालक गेले किंवा अंथरुणाला खिळले, आणि दीड-दोन वर्षांत शटर खाली. पेपरात यातलं काही येत नाही, कारण घरातलं भांडण ही बातमी नसते. पण त्या तीन दुकानांत मिळून चौदा-पंधरा माणसं कामाला होती, हेही खरं. म्हणून आज चौथ्या दुकानाबद्दल लिहितोय, जे बसता बसता राहिलं. नाव लिहीत नाही. आकडे गोल केलेत, काही खुणा बदलल्यात. घरच्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीनं लिहितोय. कुणी ओळखलंच तर मनात ठेवा.

दुकान अठ्ठेचाळीस वर्षांचं. जालन्याची सळई, राजकोटच्या बिजागऱ्या, अलिगडची कुलपं, लुधियानाचे नट-बोल्ट, पाईप-फिटिंग, पत्रे, रंग, असं सगळं. वर्षाची उलाढाल साडेचार कोटींच्या आसपास. मालक अण्णा, वय बाहत्तर. दोन मुलगे दुकानात. थोरला माझा शाळेतला मित्र. धाकटा त्याच्याहून सात वर्षांनी लहान. थोरली वहिनी बिलिंग आणि हिशोब बघते. मधली ताई लग्न होऊन नाशिकला, बँकेत नोकरीला. एक नातू पुण्यात संगणकाच्या नोकरीत, तो दुकानात येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी मोठ्यानं म्हणत नाही एवढंच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अण्णांच्या छातीत दुखलं. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, अकरा दिवस मुक्काम. मे म्हणजे बांधकामाचा आणि पावसाआधी पत्रे-ताडपत्रीचा ऐन हंगाम. त्या अकरा दिवसांत काय झालं ते थोरल्यानंच मला सांगितलं.

पहिलं, चेक. दुकान अण्णांच्या एकट्याच्या मालकीचं, खात्यावर सही फक्त त्यांची. सळईवाल्याचा चेक गेला नाही, म्हणून त्यानं पुढची गाडी थांबवली. दुसरं, उधारी. कुणाला किती द्यायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक ठेकेदार आला आणि म्हणाला, "अण्णांशी बोलणं झालंय." झालंय की नाही, विचारणार कुणाला? थोरल्यानं माल दिला. त्याच दिवशी धाकट्यानं दुसऱ्या एकाला नाही म्हटलं, तर तो निघाला तीस वर्षांचा चोख गिऱ्हाईक. तिसरं, भाव. बऱ्याच मालाचा खरेदीभाव आणि तो कुठवर सोडायचा, हे अण्णांच्या डोक्यात. मुलांनी अंदाजानं विकलं. सव्वीस वर्षं काम करणाऱ्या दिवाणजींनी शेवटी थोरल्याला विचारलं, "मी ऐकू कुणाचं?"

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. दुकान एका माणसावर टांगलेलं आहे की नाही, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. एकाच गोष्टीची परवानगी मागायला कामगार दोघांकडे जायला लागला, आणि ज्याच्याकडून "हो" मिळतं त्याच्याकडे आधी जायला लागला, की समजावं दुकानात ठरवण्याची पद्धत उरलेली नाही. आहेत ती फक्त माणसं.

अण्णा परत आल्यावर घरात बैठका सुरू झाल्या. मला बोलावलं ते इतिवृत्त लिहायला. कारण मी त्यांचा नातेवाईक नाही, उधारीत नाही, आणि लिहायची सवय आहे. जिल्हा परिषदेच्या सभांची इतिवृत्तं वाचण्यात अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे "चर्चा झाली" आणि "ठरलं" यातला फरक मला कळतो.

पहिल्या बैठकीत विषय निघाला, "आता मालक कोण?" दहा मिनिटांत आवाज चढले. ताई सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "मालक कोण ते राहू द्या. दिवसभरात दुकानात काय काय ठरवावं लागतं, ते आधी सांगा." आम्ही लिहीत गेलो. उधारी देणं, उधारी थांबवणं, भाव सोडणं, माल मागवणं, नवी कंपनी घेणं, चेक देणं, माणूस ठेवणं, सुट्टी देणं, प्लंबर-मिस्त्रींचं कमिशन, परत आलेला माल घेणं, गाडी पाठवणं. असे चौदा निर्णय निघाले. प्रत्येकापुढे सध्या कोण ठरवतं ते लिहिलं. बारा ठिकाणी "अण्णा". कागद बघून अण्णाच म्हणाले, "एवढं मी करतो?" त्यांना बरंही वाटलं आणि धास्तीही.

मग ठरलं, की चौदा एकदम सोपवायचे नाहीत. दर दोन महिन्यांनी दोन-तीन सोपवायचे, आणि सोपवताना मर्यादा लिहायची. सगळ्यात आधी उधारी घेतली, कारण रक्त तिथूनच वाहत होतं.

वहिनीनं सगळी येणी काढली. एकूण बासष्ट लाख. ती महिन्यांप्रमाणे वेगळी केली, तर नव्वद दिवसांहून जुनी तेवीस लाख. त्यातली नऊ लाख तीन वर्षांहून जुनी, आणि कुणाचीही सही नाही. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपायच्या आत गिऱ्हाइकानं बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. नुसतं "देतो की अण्णा" म्हणण्यानं ती वाढत नाही. म्हणजे ते नऊ लाख आता गिऱ्हाइकाच्या मनावर, कायद्यात त्याला जोर नाही.

प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला मर्यादा ठरवली. हिशोब साधा. एक ठेकेदार महिन्याला सरासरी दीड लाखाचा माल नेतो आणि पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचं त्यानं कबूल केलंय. म्हणजे दीड महिन्याचा माल, सव्वादोन लाख, ही त्याची मर्यादा. प्रत्यक्षात त्याच्याकडे सहा लाख ऐंशी हजार अडकले होते. नियम झाला की मर्यादेच्या आत काउंटरवरचा माणूसही माल देईल, मर्यादेबाहेर फक्त थोरला ठरवेल, आणि कबूल तारखेच्या वर साठ दिवस गेले तर मर्यादा शिल्लक असली तरी रोखीनंच. शेतकऱ्यांची उधारी यातून वेगळी ठेवली. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा पाईपचे पैसे येणार, तिथं पंचेचाळीस दिवसांचा नियम लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या नावापुढे हंगाम लिहिला.

आता नियम मोडला कुणी? अण्णांनीच. तिसऱ्याच आठवड्यात. सरकारी कामं घेणारा एक ठेकेदार, त्याची बिलं वरून अडकलेली. सरकारी बिल अडकलं की त्याची झळ सगळ्यात आधी हार्डवेअरवाल्याच्या वहीला लागते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो थोरल्याकडे गेलाच नाही, दुपारी अण्णा गल्ल्यावर असताना आला. ऐंशी हजारांची सळई घेऊन गेला. थोरला तापला, म्हणाला, मग मला कशाला बसवलंत इथं?

इथंच बहुतेक घरांची गाडी रुळावरून घसरते. मुलाला अधिकार दिलेला असतो, पण गिऱ्हाइकाला माहीत असतं की वरचं दार उघडं आहे. मुलाचा शब्द दोनदा खाली पडला की तिसऱ्यांदा तो ठरवणंच सोडून देतो. मग वडील म्हणतात, "पोरं जबाबदारी घेत नाहीत."

अण्णांना "तुम्ही उधारी द्यायची नाही" असं म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि बरोबरही नव्हतं. दुकान त्यांनी उभं केलंय. तोडगा निघाला तो असा. अण्णा नियम मोडू शकतात, पण गल्ल्याजवळच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं. तारीख, नाव, रक्कम, कारण. सोमवारी दुकान उघडायच्या आधी पाऊण तास बसायचं आणि ती पानं वाचायची. बस्स, एवढंच. पहिल्या महिन्यात एकोणीस नोंदी झाल्या. ऐंशी हजारांपुढे कारण लिहिलं होतं, "वडील माझे दोस्त." सहा महिन्यांनी तीच वही बघितली, तर महिन्यात तीन नोंदी. अण्णा मला म्हणाले, "लिहायला बसलं की आपलंच कारण आपल्याला हलकं वाटतं." आणि त्या तीनपैकी दोन नोंदी चांगल्या निघाल्या, पैसे वेळेत आले. म्हणजे अण्णांची माणसाची पारख खोटी नव्हती. ती आता मुलांनाही दिसायला लागली, कारण कारण लिहिलेलं होतं. वडिलांचा अनुभव पुढच्या पिढीकडे जातो तो असा, एकेका नोंदीतून.

दुसरा घाव खरेदीचा. ती धाकट्याकडे द्यायची होती. धाकटा हुशार, पण कंपन्यांच्या स्कीमला भुलणारा. मार्चमध्ये टार्गेट पूर्ण केलं तर परदेशची सहल, म्हणून एकदा त्यानं आठ लाखांचा रंग आणि फिटिंग उचललं होतं. गोदामात बघितलं तर दोन वर्षांत न हललेला माल अकरा लाखांचा निघाला. बंद झालेल्या शेड्स, कुणी न मागणारे मापाचे टी आणि रिड्यूसर. बँकेच्या कर्जावर माल भरलेला, म्हणजे त्या डब्यांवर दर महिन्याला व्याज चालू.

दुकानात साडेतीन-चार हजार प्रकारचा माल. सगळ्याचं नियोजन करायला गेले असते तर पंधरा दिवसांत कंटाळले असते. सगळ्यात जास्त खपणारे दीडशे प्रकार निवडले. प्रत्येकाचा हिशोब असा. पाऊण इंची एल्बो महिन्याला सहाशे जातो, दिवसाला वीस. ऑर्डर दिल्यावर माल यायला सहा दिवस, म्हणजे एकशे वीस. उशीर झाला तर सोय म्हणून आणखी पाच दिवसांचे शंभर. म्हणून खोक्यावर खडूनं लिहिलं "२२०". एवढ्यावर आला की पोऱ्या धाकट्याला सांगतो, धाकटा मागवतो, कुणाला विचारायचं नाही. पण एका वेळी लाखाच्या वरची, किंवा दोन महिन्यांच्या खपाहून जास्त खरेदी असेल, तर सोमवारच्या कागदावर आणायची. स्कीमचा फायदा किती, व्याज किती, माल किती दिवसांत संपेल, हे तीन आकडे लिहून. पुढच्या मार्चमध्ये सहल हुकली. धाकट्याच्या बायकोनं आठ दिवस तोंड फुगवलं होतं, असं ऐकलं.

दोघा भावांचा पगारही ठरला. आधी लागेल तसं गल्ल्यातून काढायचे. कुणी किती काढले याचा हिशोब नव्हता, पण मनात प्रत्येकाच्या होता. हे मनातले हिशोब वडील असेपर्यंत गप्प असतात, तेराव्यानंतर बोलायला लागतात. वहिनीलाही पगार लावला. पंधरा वर्षं ती दुकानाचे हिशोब बघत होती, तिचं नाव पहिल्यांदा पगाराच्या कागदावर आलं.

आता कागदाची बाजू. हे सगळं वर्षभर चांगलं चाललं, तरी दुकान अण्णांच्या एकट्याच्या नावावरच होतं. गावातले सीए आणि वकील यांच्यासोबत दोन बैठका झाल्या, आणि तिथं ऐकलेलं प्रत्येक दुकानदाराला माहीत पाहिजे असं मला वाटतं.

एकट्याच्या मालकीचा धंदा हा कायद्याच्या दृष्टीनं त्या माणसाहून वेगळा नसतो. माणूस गेला की खातं थांबतं. मुलाला मुखत्यारपत्र दिलेलं असेल तर तेही त्याच दिवशी संपतं. जीएसटी नंबर पॅनवर असतो, म्हणून वारसाला नवा नंबर घ्यावा लागतो. जुन्या नंबरवरची शिल्लक क्रेडिट ठरलेला फॉर्म भरून नव्याकडे नेता येते, पण मधल्या काळात माल आणायचा कसा आणि बिलं करायची कुठल्या नंबरनं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे येणी. मयत माणसाची उधारी वसूल करायला वारस कोर्टात गेला, तर वारसा प्रमाणपत्रासारखा दाखला आणल्याशिवाय हुकूमनामा मिळत नाही. तो मिळेपर्यंत तीन वर्षांच्या मुदतीचं घड्याळ आपल्यासाठी थांबून राहील या भरवशावर बसू नये, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं. बासष्ट लाखांचा विचार करा.

यावर बहुतेक जण उपाय करतात तो म्हणजे एका मुलाला घेऊन भागीदारी. पण त्यात एक खड्डा आहे. भागीदार गेला तरी फर्म चालू राहील असं करारात लिहिता येतं, पण भागीदार दोनच असतील तर त्या ओळीचा उपयोग नाही. एक गेल्यावर उरतो एकटा, आणि एकट्याची भागीदारी नसते. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात हेच सांगितलंय. म्हणून किमान तीन हवेत. आणि फर्मची नोंदणी हवी, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही.

अण्णा आणि दोन मुलगे, असे तीन झाले की. पण सीए म्हणाले, "अण्णांनंतर पुन्हा दोघंच उरतात. खड्डा तिथंच." शिवाय दोघा भावांचं पटलं नाही तर निकाल कुणी द्यायचा? थोरल्यानं वहिनीचं नाव सुचवलं. धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे एका घरात दोन मतं." चूक नव्हतं त्याचं.

त्याच सुमारास अण्णांनी ताईचा विषय काढला. म्हणाले, "तिच्याकडून आत्ताच हक्कसोड करून घेऊ, पुढं वाद नको." आपल्याकडे ही रीतच आहे. वकील म्हणाले, "अण्णा, मिळकत तुमची स्वकष्टाची. तुम्ही हयात असताना तिचा त्यात हक्क अजून जन्मालाच आलेला नाही. नसलेला हक्क ती सोडणार कसा? त्या कागदाला अर्थ नाही. आणि मृत्युपत्र न करता गेलात, तर आई, दोघं मुलगे आणि ताई, चौघांचे सारखे हिस्से. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही मृत्युपत्रात लिहा."

ताई तिथंच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, मला दुकान नकोय. पण मला टाळून कागद करू नका, एवढंच." खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मी पेन खाली ठेवला. मग धाकटाच म्हणाला, "तिसरी ताईच घ्या की. आमचं दोघांचं भांडण लहानपणापासून तीच सोडवते."

शेवटी चार भागीदार झाले. अण्णा आणि दोन्ही भाऊ तीस-तीस टक्के, ताई दहा. दुकान रोज चालवणार भाऊ. ताईचं मत फक्त मोठ्या गोष्टींत, म्हणजे दोन लाखांवरचं नवं कर्ज, नवी शाखा, भागीदार घेणं किंवा काढणं. अशा निर्णयाला चारपैकी तिघांची सही. अण्णांनंतर तिघांतल्या दोघांची. जुनी येणी फर्मकडे दिल्याचं करारात लिहिलं आणि महिनाभर फिरून गिऱ्हाइकांकडून बाकीच्या कागदावर सह्या घेतल्या. दुकानाची इमारत मात्र फर्ममध्ये आणली नाही. ती अण्णांच्या नावावरच, फर्म त्यांना भाडं देते, आणि इमारतीचं व बायपासजवळच्या प्लॉटचं काय करायचं ते मृत्युपत्रात. धंद्यातला वाद भिंतींपर्यंत जाऊ नये म्हणून.

हे फुकट झालं नाही. सीए, वकील, नोंदणी, नवा जीएसटी नंबर, नवी बिलबुकं. बँकेनं कर्जाची मर्यादा नव्यानं मंजूर करायला अडीच महिने लावले, त्या काळात माल रोखीनं आणावा लागला. लहान टपरीवजा दुकानाला चार भागीदारांचा करार परवडणार नाही. त्यानं निदान मृत्युपत्र करावं आणि उधारीवर सह्या घ्याव्यात.

सगळं सुरळीत आहे असंही नाही. धाकट्याला अजून वाटतं की थोरल्याकडे उधारी म्हणजे मान, आणि आपल्याकडे खरेदी म्हणजे हमाली. दिवाळीत सोमवारची बैठक सलग चार आठवडे झाली नाही, आणि पाचव्या आठवड्यात दिवाणजींनी पुन्हा दोघांना एकच गोष्ट विचारली. वहिनीनं ते पकडलं, बैठक सुरू झाली. भावांनंतर कोण, हा प्रश्न तर तसाच आहे. नातू येणार नाही. करारात एवढंच लिहिलंय की थोरला साठ वर्षांचा होईल तेव्हा घरातलं कुणी नसेल, तर पगारी व्यवस्थापक नेमायचा की दुकान विकायचं, ते चौघांनी किंवा उरलेल्यांनी ठरवायचं. अण्णांनी "विकायचं" हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला.

पेठेतल्या माझ्या दुकानदार मित्रांनो, आज रात्री दुकान वाढवल्यावर घरी जायच्या आधी एका कागदावर तीन ओळी लिहून बघा. उद्यापासून पंधरा दिवस मी आलो नाही, तर चेकवर सही कुणाची? माझी उधारी किती, आणि त्यातल्या किती रकमेवर गिऱ्हाइकाची सही आहे? आणि माझ्या दिवाणजीनं ऐकायचं कुणाचं? तिसऱ्याचं उत्तर स्वतः लिहू नका. दिवाणजीलाच विचारा.